मूळ राखावे, फळ वाटावे



सुरतेतील मुगलीसरा भागातून आपण कितीतरी वेळा गेला असाल. तेथील जुन्या चौसोपी इमारतीत 1867 पासून नगरपालिकेचे कार्यालय आले. ती बांधली गेली मात्र 1644 साली, शाहजहानच्या कारकिर्दीत. इसाक बेग यज्दी ऊर्फ हकीकत खान याने 33,081 रुपये खर्चून ती सराई उभारली, असे सांगतात. मक्केला जाणारे यात्रेकरू सुरतेस येत आणि अनुकूल वारा व जहाज मिळेपर्यंत येथे थांबत. त्यांच्या निवाऱ्यासाठी ही वास्तू होती. आज तिच्या निमित्ताने ‘वक्फ’ या व्यवस्थेविषयी बोलावे, असे मी योजले आहे.

माझा विषय भाषा; तेव्हा आरंभ शब्दापासून करतो. ‘वक्फ’ या अरबी धातूचा मूळ अर्थ थांबणे, थांबविणे. आपल्या जुन्या कागदांतला ‘मोकूफ’ आणि आपण रोज वापरतो तो ‘वाकबगार’, हे दोन्ही त्याच कुळातले. वक्फात थांबते ती मालमत्ता. दुकान, शेत किंवा हमाम एकदा वक्फ केला, की तो विकता येत नाही, दान देता येत नाही, वारसांत वाटताही येत नाही. मूळ जागच्या जागी राहते आणि त्याचे उत्पन्न तेवढे ठरलेल्या कामी जाते.

हे चालत असे कसे? दाता वक्फनामा लिहून देई. त्यात मालमत्तेच्या चतुःसीमा, खर्चाच्या बाबी आणि व्यवस्थापक, म्हणजे मुतवल्ली, कोण हे नमूद असे. काझीची त्यावर देखरेख राही. खर्चाचा एक क्रम सर्वमान्य होता: आधी डागडुजी, मग पगार आणि इतर वाटप. छत गळले की दुकान रिकामे पडते, दुकान रिकामे पडले की भाडे बंद होते, आणि भाडे बंद झाले की शिक्षकाचा पगार थांबतो. म्हणून पहिला हक्क छताचा.

कैरोचे उदाहरण घेऊ. सुलतान कलाऊन याने 1284 च्या सुमारास तेथे मोठे रुग्णालय बांधले. ते श्रीमंत आणि गरीब, स्त्री आणि पुरुष, सर्वांना खुले होते. बाजारातील दुकाने व इतर मिळकतींचे उत्पन्न त्याला जोडलेले होते. वैद्यांचे वेतन, औषधे आणि रोग्यांचे अन्न त्यातून येई. बगदादेत 1233 साली उघडलेल्या मुस्तनसिरिया विद्यालयातही तोच प्रकार. चार धर्मशास्त्रीय पंथांचे प्रत्येकी 62 विद्यार्थी तेथे शिकत. त्यांना अन्न, कागद आणि दिव्याचे तेल मिळे. आवारात मोठे ग्रंथालय होते. राजा बदलला, तरी नव्या राजाच्या मर्जीवर विद्यार्थ्याची भाकरी अवलंबून राहू नये, हा यामागचा विचार होता.

परंतु ही व्यवस्था निर्दोष नव्हती. मुतवल्ली आपल्याच माणसाला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा अल्प दराने देई. कागदोपत्री दुकान वक्फाचे, पण नफा भाडेकरूचा. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: शेजारच्या दुकानाचे भाडे विचारावे. दुसरी खूण हिशेबात सापडते. पगार दर वर्षी दिसतात, पण दुरुस्तीची बाब वर्षानुवर्षे कोरी असेल, तर मूळच खाल्ले जात आहे असे समजावे. शिवाय कधी राज्यकर्तेच मिळकती ताब्यात घेत, आणि कधी दात्याची अट बदलत्या काळाला पुरी पडत नसे.

सुरतेच्या सराईचाही प्रवास असाच गुंतागुंतीचा आहे. 2021 साली गुजरात वक्फ मंडळाने ही वास्तू वक्फ मालमत्ता ठरविली; 2024 साली वक्फ न्यायाधिकरणाने तो निर्णय रद्द केला. कायद्याचा निवाडा मी करीत नाही. पावणेचारशे वर्षांपूर्वीचे दान पुढे कोणाचे आणि कशासाठी, हा प्रश्न आजही जिवंत आहे, एवढेच त्यातून दिसते.

शेवटी आपल्या दाराशी येतो. ही स्मृतिव्याख्यानमाला एका ठेवीच्या व्याजावर चालते. मूळ अबाधित राहते, फळ दर वर्षी वापरले जाते; जातकुळी तीच. मात्र दुकानाचे भाडे महागाईबरोबर वाढू शकते. ठेवीची रक्कम आकड्याने तेवढीच राहते आणि मोलाने घटते. आज व्याजातून व्याख्यान आणि पुस्तिका दोन्ही निघतात. पुढे कदाचित पुस्तिकाच निघणार नाही. म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे, की दर वर्षी व्याजाचा काही भाग मुळात परत घालावा. सराईवाल्यांच्या भाषेत सांगायचे, तर आधी छत शाकारावे, मग पाहुणे बोलवावेत. त्या पाहुण्यांत मीही आलो.