F5 दाबलं आणि पडदा अंधारला



माझ्या ओळखीच्या एक ताई कापडाच्या दुकानात हिशेब ठेवतात. बरीच वर्षं टॅलीवर काम केल्यामुळे त्यांचा हात कळफलकाच्या वरच्या ओळीवर न बघता फिरतो. पेमेंटसाठी F5, रिसीटसाठी F6, जर्नलसाठी F7, विक्रीसाठी F8, खरेदीसाठी F9. माउसला हात लावायची गरजच पडत नाही. दुकानात नवा लॅपटॉप आला आणि पहिल्याच दिवशी गडबड झाली. पेमेंटची नोंद करायची म्हणून त्यांनी F5 दाबलं, तर व्हाउचर उघडलं नाही, पडदा मात्र थोडा मंद झाला. पुन्हा दाबलं, आणखी मंद. वैतागून चारपाच वेळा दाबलं तेव्हा पडद्यावरचे आकडेही धड दिसेनात. पुढे विक्रीचं बिल करायला F8 दाबलं तर वायफाय बंद पडलं आणि वायफायवर जोडलेला प्रिंटर गप्प झाला. लॅपटॉप परत पाठवायचा का, अशी दुकानात चर्चा सुरू झाली.

लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. त्या कळफलकावर F5 वर लहान सूर्याचं चित्र आहे आणि F8 वर विमानाचं. कळ दाबली की आधी चित्रातलं काम होईल, अशी त्या लॅपटॉपची मांडणी होती. ताईंना हवं असलेलं F5 चं जुनं काम त्याच कळीवर होतं, पण Fn या कळीच्या आड गेलेलं.

हे असं का झालं, ते सांगतो. 1981 साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या कळफलकावर F1 ते F10 अशा दहा कळा डाव्या बाजूला दोन उभ्या रांगांत होत्या. त्यांचं काम ठरलेलं नव्हतं. जो प्रोग्रॅम चालू असेल त्याने ते ठरवायचं. पुढे त्या बारा झाल्या आणि वरच्या ओळीत आल्या. लॅपटॉप आला तेव्हा जागा कमी पडली. आवाज, प्रकाश, वायफाय यांच्यासाठी वेगळ्या कळा कुठे बसवणार? म्हणून त्याच बारा कळांवर दुसरं काम छापलं आणि निवड करायला Fn नावाची एक कळ डाव्या कोपऱ्यात दिली. सुरुवातीला नुसती कळ दाबली की F5 आणि Fn धरून दाबली की प्रकाश, असं होतं. पुढे घरगुती ग्राहक वाढले. त्यांना आवाज कमीजास्त करणं रोजचं, F5 क्वचितच. मग अनेक लॅपटॉपवर हा क्रम उलटा झाला. नुसती कळ म्हणजे चित्रातलं काम, आणि F5 हवं असेल तर Fn धरायची. हिशेबाचं, एक्सेलचं किंवा प्रोग्रॅमिंगचं काम करणाऱ्याला हाच उलटा क्रम छळतो.

आता Fn लॉक. हा क्रम कायमचा पालटून ठेवणारी सोय म्हणजे Fn लॉक. बऱ्याच लॅपटॉपवर Esc च्या कळीवर एक लहान कुलूप काढलेलं असतं, बाजूला कधी Fn अशी अक्षरंही असतात. तसं असेल तर Fn धरून Esc एकदा दाबायचं. काही कळफलकांवर Esc मध्ये बारीक दिवाही लागतो. पुन्हा तसंच दाबलं की क्रम मागे जातो. Fn आणि Esc दोन्ही डाव्या काठावर आहेत, त्यामुळे कळफलक पुसताना किंवा लहान मुलांच्या हातून हे नकळत दाबलं जातं. काल चालणारी आवाजाची कळ आज अचानक F3 झाली, यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

कुठला क्रम चालू आहे हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. डेस्कटॉपवरची एखादी फाइल एकदा क्लिक करून निवडा आणि F2 दाबा. फाइलचं नाव बदलायला मोकळं झालं, तर नुसती कळ F2 म्हणून जाते आहे. आवाज किंवा दुसरं काही हललं, तर चित्रातलं काम पुढे आहे. आता तीच कळ Fn धरून दाबा. दोन्हीपैकी एका वेळी एक आणि दुसऱ्या वेळी दुसरं काम झालं, तर कळफलक ठणठणीत आहे. फक्त क्रम बदलायचा आहे.

Esc वर कुलूप नसेल, किंवा Fn आणि Esc दाबून काहीच होत नसेल, तर हा पर्याय बायोसमध्ये शोधावा लागतो. लॅपटॉप सुरू होताना, विंडोज येण्याआधी, ठरलेली कळ दाबून तिथे जाता येतं. एचपीच्या बहुतेक लॅपटॉपवर ती F10 असते, डेलवर F2. तिथे या पर्यायाला प्रत्येकाने वेगळं नाव दिलंय. एचपीकडे Action Keys Mode, लेनोवोच्या अनेक मॉडेलवर Hotkey Mode, एसरकडे Function key behavior. तेवढाच पर्याय बदला, सेव्ह करून बाहेर पडा, बाकी कशाला हात लावू नका. मॅकबुकवर बायोसची भानगड नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली, शॉर्टकटच्या खिडकीत फंक्शन कीज नावाचा विभाग आहे, तिथे एकच बटण फिरवायचं.

त्या ताईंच्या लॅपटॉपवर Fn आणि Esc ने काम झालं. टॅली पुन्हा बोटांखाली आलं. प्रकाश कमीजास्त करायला आता त्यांना Fn धरावी लागते, पण ते दिवसातून एखाद्या वेळी. F5 मात्र दिवसभर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढच्या सगळ्या अडचणी तिथूनच सुटतात. विंडोज लॅपटॉपवर Fn ही कळ साधारणपणे विंडोजपर्यंत पोचतच नाही. लॅपटॉपमध्ये एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते. कळफलक, बॅटरी, पंखा यांवर तिचं लक्ष असतं. तुम्ही F5 ची कळ दाबली की Fn धरलेली आहे का, लॉक चालू आहे का, हे ती चिप पाहते आणि मग ठरवते की पुढे F5 पाठवायचं की प्रकाशाचा निरोप. रेल्वेचा सांधा जसा गाडी स्टेशनात शिरण्याआधीच बदललेला असतो, तसंच हे आहे. विंडोजला फक्त फलाटावर आलेली गाडी दिसते. म्हणूनच विंडोज नव्याने टाकलं तरी Fn लॉक बहुधा आधी होता तसाच राहतो. आणि म्हणूनच यूएसबीने बाहेरचा कळफलक जोडला, तर लॅपटॉपवरची Fn धरून बाहेरच्या कळफलकावरचं F5 दाबण्याचा उपयोग होत नाही. त्या कळफलकाला स्वतःची Fn असेल, तर तिचा लॉकही वेगळा, त्याच कळफलकात.

आता आवाज आणि प्रकाश. शेजारी शेजारी असलेल्या या कळा आपल्याला सारख्याच वाटतात, पण त्यांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. आवाज वाढवा, कमी करा, बंद करा, यांसाठी कळफलकाचे ठरलेले संकेत आहेत. ते सगळ्या कंपन्यांत सारखे आहेत आणि विंडोजला आणखी कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय कळतात. प्रकाशाचं तसं नाही. बहुतेक लॅपटॉपवर ती कळ दाबली की चिप फर्मवेअरमार्फत विंडोजला सूचना देते, विंडोज ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला सांगतं आणि तो ड्रायव्हर पडद्यामागचा दिवा कमीजास्त करतो. या साखळीतली एक कडी नसली तरी काम अडतं.

याचा उपयोग असा. समजा कुणी लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकून दिलं. घरी आणल्यावर आवाजाच्या कळा चालतात, प्रकाशाच्या चालत नाहीत. लगेच कळफलक बदलायला नेऊ नका. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, वायफाय आणि स्पीकरच्या चिन्हांवर क्लिक केलं की प्रकाशाची सरकपट्टी दिसायला हवी. ती दिसत नसेल किंवा सरकत नसेल, तर दोष कळीचा नाही. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, Device Manager उघडा आणि Display adapters खाली काय लिहिलंय ते वाचा. तिथे Microsoft Basic Display Adapter असं नाव दिसलं, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोजने तात्पुरता कामचलाऊ ड्रायव्हर लावलाय आणि त्याला पडद्याचा दिवा हाताळता येत नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून ग्राफिक्सचा ड्रायव्हर घ्या. तो बसवून लॅपटॉप रीस्टार्ट केला की बहुधा सरकपट्टी आणि कळा दोन्ही जाग्या होतात.

सरकपट्टीने प्रकाश बदलतो आणि फक्त कळीने बदलत नाही, अशीही वेळ येते. मग ड्रायव्हर ठीक आहे, कळीचा निरोप पोचत नाहीये. आधी Fn लॉक पाहा. लॉक बरोबर असेल तर कंपनीचं हॉटकीचं छोटं सॉफ्टवेअर बसलेलं आहे का ते पाहा. विंडोज नव्याने टाकताना हे सॉफ्टवेअर अनेकदा राहून जातं.

कार्यालयात लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडलेला असतो. तिथे प्रकाशाची कळ दाबली तर मॉनिटरवर काही फरक पडत नाही, अशी तक्रार येते. ती कळ लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यासाठीच आहे. झाकण मिटलेलं असेल तर तिचं काम दिसणारच नाही. बाहेरच्या मॉनिटरचा प्रकाश त्याच्याच बटणांनी बदलायचा. आवाजाचीही अशीच एक गंमत आहे. पडद्यावर आवाजाची पट्टी वरखाली होते, पण कानावर फरक पडत नाही. अशा वेळी स्पीकरच्या चिन्हाजवळचा बाण दाबून आवाज कुठल्या उपकरणावर जातोय ते पाहा. विंडोज निवडलेल्या उपकरणाचाच आवाज बदलतं. निवड ब्लूटूथच्या हेडफोनवर राहिली असेल, तर कळ इमानाने त्याचाच आवाज कमीजास्त करत बसते.

आणि कळ न दाबताच पडदा मंद होत असेल, तर कळफलकाकडे बघायचंच नाही. चार्जर काढल्यावर किंवा बॅटरी उतरल्यावर असं होत असेल तर बॅटरी सेव्हर पाहा, आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे होत असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमधला आपोआप प्रकाश बदलण्याचा पर्याय.

शेवटची एक अडचण. लॅपटॉप झाकण मिटून ठेवला होता, उघडल्यावर प्रकाशाच्या कळा मुक्या झाल्या. मग आपण शट डाउन करतो, पुन्हा चालू करतो, तरी त्या तशाच. विंडोज 8 पासून बऱ्याच लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअप चालू असतं. त्यात शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर पूर्ण बंद न होता डिस्कवर जपून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तसेच उचलले जातात. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. म्हणून अशा वेळी शट डाउन नको, रीस्टार्ट करा. रीस्टार्टमध्ये सगळं मुळापासून सुरू होतं. शट डाउनच करायचं असेल तर Shift धरून शट डाउनवर क्लिक करा, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होईल.