गीतेचीं भाषांतरें एकमेकांशीं कां जुळत नाहींत?

चातुर्मासांत एखाद्या घरीं सायंकाळीं गीतेचें वाचन चाललेलें असतें. वडील ज्ञानेश्वरी पुढें घेऊन बसतात, मुलगा लोकमान्य टिळकांचें गीतारहस्य उघडतो. तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकापाशीं येतांच दोघेहि अडतात. वडिलांच्या ग्रंथांत कर्माचें मूळ वेद असें सांगितलें आहे. मुलाच्या ग्रंथांत तें प्रकृति असें आहे. मूळ श्लोक एक, त्यांतील अक्षरेंहि तींच, आणि अर्थ मात्र दोन! मग मुलगा म्हणतो कीं जुन्यांना वेदापलीकडे कांहीं दिसलेंच नाहीं. वडील म्हणतात कीं नव्यांनीं आपलें मत श्लोकांत घुसडलें. श्रोतेहो, हे दोन्ही आरोप उतावळेपणाचे आहेत. त्या एका श्लोकाची नीट तपासणी केली, तर भाषांतरें भिन्न कां होतात हें पुष्कळसें उलगडतें.

प्रथम एक साधी गोष्ट पाहून घ्यावी. दोन्ही पुस्तकांत आपण एकच श्लोक वाचीत आहों ना? ही शंका अगदींच पोरकट नव्हे. तेराव्या अध्यायाच्या आरंभीं अर्जुनाच्या तोंडीं प्रकृति, पुरुष, क्षेत्र, क्षेत्रज्ञ इत्यादिकांविषयीं प्रश्न विचारणारा एक श्लोक कांहीं प्रतींत आढळतो, कांहींत आढळत नाहीं. शंकराचार्यांच्या भाष्यांत त्यावर टीका नाहीं, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें भीष्मपर्वाची जी चिकित्सक आवृत्ति १९४७ सालीं प्रसिद्ध केली, तिच्या मूळ पाठांतहि तो धरलेला नाहीं. परिणाम असा कीं एका पुस्तकांत त्या अध्यायाचे श्लोक ३४ भरतात, दुसऱ्यांत ३५; आणि आकडा पाहून ताडून पाहणारा मनुष्य भलत्याच दोन श्लोकांची तुलना करीत बसतो. तेव्हां आकड्यावर न जातां श्लोकाच्या पहिल्या शब्दांवरून जुळणी करावी. तिसऱ्या अध्यायाच्या आपल्या श्लोकांत मात्र असा घोटाळा नाहीं. तेथें भेद पाठाचा नसून अर्थाचा आहे.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या जातीची. ज्ञानेश्वरी ही ७०० श्लोकांवर सुमारें ९००० ओव्यांची टीका आहे. तींत शब्दास शब्द शोधणें हा तिच्यावरच अन्याय होय. गीतारहस्यांत श्लोकाचा गद्य अनुवाद वेगळा व त्याखालील टीप वेगळी असते. विनोबांची १९३२ सालीं प्रसिद्ध झालेली गीताई श्लोकास श्लोक अशी रचलेली. तेथें वृत्ताच्या मापांत जेवढें बसेल तेवढेंच येणार. लांबीवरून एकास फुगीर आणि दुसऱ्यास अपुरें म्हणणें व्यर्थ आहे.

आतां श्लोकाकडे वळूं. त्या ठिकाणीं एक साखळी सांगितली आहे. प्राणी अन्नापासून होतात, अन्न पर्जन्यापासून, पर्जन्य यज्ञापासून, यज्ञ कर्मापासून, कर्म 'ब्रह्मा'पासून आणि तें ब्रह्म 'अक्षरा'पासून. म्हणून सर्वगत ब्रह्म यज्ञांत नित्य प्रतिष्ठित आहे, असा शेवट केला आहे. सर्व भांडण 'ब्रह्म' या एका शब्दाचें आहे. शंकराचार्यांनीं त्याचा अर्थ वेद असा घेतला, आणि ज्ञानेश्वरांनीं येथें तीच वाट धरली. रामानुजाचार्यांनीं प्रकृतीचा विकार, म्हणजे शरीर, असा घेतला. टिळकांनीं प्रकृति हाच अर्थ पसंत केला. म्हणजे मुलाच्या पुस्तकांतला अर्थ नवा नव्हे. तो आठ-नऊ शतकांपूर्वींचा आहे, आणि घुसडल्याचा आरोप येथेंच गळून पडतो.

परंतु जुना म्हणून खरा असेंहि नाहीं. आतां तोच शब्द गीतेंत अन्यत्र कोठें व कसा आला आहे तें पहावें. भाषांतर ताडून पाहण्याचा याहून भरंवशाचा उपाय नाहीं. चौदाव्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकांत 'महत् ब्रह्म' ही योनि म्हणून सांगितली आहे. तेथें प्रकृति हाच अर्थ सरळ लागतो. सहाव्या अध्यायाच्या चव्वेचाळिसाव्या श्लोकांत 'शब्दब्रह्म' असें आहे; तेथें वेद. आठव्या अध्यायाच्या आरंभीं परम अक्षर तेंच ब्रह्म असें उत्तर दिलें आहे, तेथें परमात्मा. एकाच ग्रंथांत एका शब्दाचे तीन अर्थ झाले. मूळ संस्कृतांत तो शब्द तीनहि अर्थ पोटांत घेऊन निवांत राहूं शकतो. मराठींत उतरवणाऱ्याला मात्र एक दार उघडून बाकीचीं लावून घ्यावीं लागतात. कोणी भाषांतरकार 'ब्रह्म' हाच शब्द तसाच ठेवून देतो. तें निर्दोष दिसतें, पण त्यानें निवड वाचकाच्या गळ्यांत टाकलेली असते.

मग त्या श्लोकापुरतें काय? दोन्ही अर्थ संदर्भांत घालून पहावेत. वेद घेतला, तर 'कर्म त्यापासून झालें' हें चांगलें बसतें, कारण यज्ञकर्माचें विधान वेदच करतो. पण 'सर्वगत' हें विशेषण वेदाला लावतांना भाष्यकाराला तो सर्व अर्थ प्रकाशित करतो अशी वळणाची वाट काढावी लागते. शिवाय पुढच्याच श्लोकांत याला चक्र म्हटलें आहे. आणि वेद व परमात्मा येथें साखळी थांबली, तर ती शिडी होते, चक्र होत नाहीं. रामानुजांच्या अर्थानें चक्र पुरें होतें: अन्नानें शरीर, शरीरानें कर्म, कर्मानें यज्ञ, यज्ञानें पर्जन्य, आणि पुन्हां अन्न. त्यासाठीं मात्र 'अक्षर' म्हणजे जीवात्मा असें त्यांना घ्यावें लागतें, आणि आठव्या अध्यायांतील 'परम अक्षरा'शीं तें तितकें सहज मिळत नाहीं. टिळक अक्षराला परमेश्वरच ठेवतात.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. वेद म्हटलें, कीं ज्यांना वेदाधिकार नाकारला गेला त्या स्त्रियांना व शूद्रांना हें चक्र लागू कसें, हा प्रश्न तात्काळ उभा राहतो. प्रकृति म्हटलें, कीं देह धारण करणारा प्रत्येकजण त्यांत आला. मुलाला हाच अर्थ कां आवडतो हें यावरून कळतें. पण आवडला म्हणून तो मूळांत आहे असें होत नाहीं, हेंहि त्यानें ध्यानांत ठेवलें पाहिजे. आणि ज्ञानेश्वरांनीं वेद हा अर्थ घेतला म्हणून ते कर्मकांडांतच राहिले असेंहि नव्हे. त्याच अध्यायांत यज्ञ म्हणजे स्वधर्म असें त्यांनीं विस्तारानें मांडलें आहे. एका शब्दावरून टीकाकाराचें सगळें मत ठरविणाऱ्याला हें दिसत नाहीं.

बहुतेक श्लोकांत सर्व भाषांतरें एकमेकांशीं मिळतीं असतात, आणि तेथें मूळाचा आशय निश्चित लागला असें खुशाल समजावें. जेथें तीं फुटतात, तेथें पोथीच्या समासांत पेन्सिलीनें खूण करावी: मूळ शब्द कोणता, कोणीं काय अर्थ घेतला, तो शब्द आणखी कोठें आला आहे, आणि त्या अर्थाला कोणती अडचण राहते. तिसऱ्या अध्यायाच्या या श्लोकासमोर वडिलांनीं 'सर्वगत?' असें लिहावें, आणि मुलानें 'अक्षर म्हणजे कोण?' असें लिहावें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं सोळाव्या श्लोकापासून वाचन पुढें चालूं शकेल.