पाकिटावरची सकाळ आणि तिसरी पाळी



कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या आसपास मेडिकलच्या काउंटरवर जो फार्मासिस्ट उभा राहील, त्याच्यापुढे तिसऱ्या पाळीचा कामगार येणारच. रात्रभर कारखान्यात राबलेला हा माणूस सकाळी सुटतो, घरी जाऊन झोपतो आणि दुपारी उठतो. त्याच्या हातातल्या पाकिटावर मात्र पेनाने एवढंच लिहिलेलं असतं: ‘1-0-0, जेवणाआधी’.

समजा, पाकिटात ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती पहिल्या मुख्य जेवणाबरोबर किंवा ताटावर बसण्याच्या जरा आधी घ्यायची असते. पाळीवरून आलेल्याने सकाळ झाली म्हणून ती घेतली आणि न जेवताच अंग टाकलं, तर साखर झोपेत उतरू शकते. घाम आणि थरथर जाग्या माणसाला लगेच जाणवतात; झोपलेल्याला अनेकदा वेळेवर जागही येत नाही.

अशा वेळी काउंटरवरून दोनच प्रश्न पुरेसे असतात: ‘दादा, पाळी कुठली? उठल्यावर पहिलं जेवण किती वाजता?’ उत्तर दुपारी 2 असं आलं, तर डॉक्टरांना फोन करून वेळ पक्की करावी आणि लेबलवर लिहावं:

‘ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम. साखरेची गोळी. दिवसातून एकदाच 1 गोळी, दुपारी 2 वाजता जेवायला बसताना. गोळी घेऊन उपाशी झोपू नका.’

पाळी बदलली की हे लेबल जुनं होतं. त्यामुळे दर वेळी औषध देताना पाळी पुन्हा विचारायला हवी.

लेबल वाचता आलं म्हणजे कळलं, असं धरून चालता येत नाही. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी साक्षरतेच्या रुग्णांना ‘दोन गोळ्या, दिवसातून दोनदा’ अशा अर्थाचं लेबल दिलं. सुमारे 71 टक्क्यांनी सूचना बरोबर सांगितली, पण दिवसभराच्या गोळ्या बरोबर मोजून दाखवल्या त्या 35 टक्क्यांनीच. म्हणून ‘समजलं ना?’ असं न विचारता ‘कशी घेणार, दाखवा बघू’ म्हणावं.

साठवणुकीच्या सूचनेतही हाच मोघमपणा नडतो. न उघडलेल्या इन्सुलिनवर ‘फ्रिजमध्ये ठेवा’ एवढंच लिहिलं की कुणी ते बर्फाच्या कप्प्यात ठेवतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यावं लागतं. ‘फ्रिजच्या मधल्या फळीवर, बर्फापासून लांब’ असं लिहिलं की घरातल्या सगळ्यांना जागा कळते.

आणखी एक गोष्ट हातातल्या कात्रीची. सुट्या गोळ्या देताना स्ट्रिप अशी कापावी की बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख शेवटच्या तुकड्यावर राहील. ते जमत नसेल, तर दोन्ही पाकिटावर उतरवून द्यावं, आणि औषधाचं नावसुद्धा, कारण कापलेल्या तुकड्यावर अनेकदा नावाचा अर्धाच भाग उरतो.