रियालचा स्थिर दर आणि शार्प रेशोची फसगत

आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत सौदीहून पैसे येतात. पैसे पाठवण्याआधी तिथला माणूस रियालचा रुपयातला दर बघतो. तो दर खरं तर डॉलरचा असतो. डॉलरच्या रुपयातल्या दराला 3.75 नं भागायचं, की रियालचा दर जवळपास मिळाला. जून 1986 पासून सौदी अरेबियानं एका डॉलरला 3.75 रियाल हा दर धरून ठेवला आहे. आज मला याच न हलणाऱ्या दराबद्दल बोलायचं आहे, कारण गुंतवणुकीची गुणवत्ता मोजण्याचं एक लोकप्रिय माप कुठे फसतं, हे याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

ते माप म्हणजे शार्प रेशो. विल्यम शार्प यांनी 1966 मध्ये ते मांडलं. बँकेच्या सुरक्षित व्याजापेक्षा सरासरी किती जास्त मिळालं ते काढायचं आणि ते परताव्याच्या चढउतारानं, म्हणजे प्रमाण विचलनानं, भागायचं. शेअर बाजारात दीर्घकाळ पैसे ठेवणाऱ्याचा वार्षिक आकडा बहुधा एकाच्या खालीच राहतो. दोनच्या वर गेला तर लोक कान टवकारतात.

आता 2016 च्या जानेवारीत जाऊ. 2014 च्या मध्यावर पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल तीसच्या खाली घसरलं होतं. सौदीची परकीय गंगाजळी 2014 मध्ये 730 अब्ज डॉलरच्या पुढे होती. 2015 अखेर ती 616 अब्जांच्या आसपास आली. रियालचं अवमूल्यन होईल या भीतीनं आणि आशेनंही लोक ऑप्शन घेऊ लागले. पुढे डॉलर ठरलेल्या दराच्या वर गेला, तर फरक मिळवून देणारा हा करार. सौदीच्या मध्यवर्ती बँकेनं त्या महिन्यात बँकांना रियालच्या वायद्यांवरचे असे ऑप्शन विकणं थांबवायला सांगितलं. कारण उघड आहे. ऑप्शन विकणारी बँक स्वतःच्या बचावासाठी पुढच्या तारखेचे डॉलर घेते, आणि त्या खरेदीनं वायद्याचा दर आणखी ताणला जातो.

माझा विषय मात्र विकणाऱ्याच्या हिशेबवहीचा आहे. एक काल्पनिक हिशेब मांडतो. एका विक्रेत्याजवळ 10 लाख रियाल अनामत आहेत. तो दर महिन्याला 10 लाख डॉलरवरचा, 3.80 दराचा ऑप्शन विकतो. त्याला महिन्याला सरासरी 5,000 रियाल प्रीमियम मिळतो. बाजारातली भीती वाढते-उतरते तसा प्रीमियमही बदलतो, तेव्हा चढउतार 2,000 रियालचा धरू. अनामतीवरचं व्याज वेगळं मिळतंच, म्हणून हे 5,000 सगळे व्याजावरचे. महिन्याचा शार्प रेशो 5,000 भागिले 2,000, म्हणजे 2.5. वर्षाचा काढण्यासाठी 12 च्या वर्गमुळानं गुणलं, की 8.66. असा आकडा पाहून पैसे द्यायला रांग लागेल.

आता जे वहीत नाही ते लिहू. समजा, कुठल्याही महिन्यात रियाल घसरून डॉलर 4.40 वर जाण्याची शक्यता 200 त 1 आहे. तसं झालं तर प्रत्येक डॉलरमागे 60 हलाला, म्हणजे एकूण 6 लाख रियाल द्यावे लागतील. या शक्यतेसकट सरासरी काढली, तर महिन्याची खरी कमाई 5,000 ऐवजी सुमारे 2,000 उरते. सरासरी निम्म्याहून खाली आली. पण खरा बदल छेदात आहे. चढउतार 2,000 वरून सुमारे 42,400 वर जातो. वर्षाचा खरा शार्प रेशो होतो 0.16. एकाच व्यवहाराचे हे दोन आकडे, 8.66 आणि 0.16.

मग चुकीचा आकडा समोर कसा येतो? विक्रेता लबाड असावाच लागत नाही. पाच वर्षांच्या 60 महिन्यांत एकदाही ती घसरण न होण्याची शक्यता या गृहीतकावर 74 टक्के आहे. असे शंभर विक्रेते वेगवेगळ्या काळात वही लिहीत असतील, तर चौऱ्याहत्तर जण प्रामाणिकपणे 8.66 च्या आसपासचा आकडा दाखवतील. हानी 4.40 ऐवजी 5.00 वर झाली, म्हणजे 12 लाख रियालची, अनामतीपेक्षाही जास्त, तर दीर्घकालीन सरासरी उणे होते. हा व्यवहार मुळात तोट्याचा आहे. तरी त्याच चौऱ्याहत्तर वह्यांत तोच 8.66 दिसेल. वहीवरून चांगला आणि तोट्याचा व्यवहार वेगळा ओळखता येतच नाही.

काहीजण म्हणतील, मग परताव्याची विषमता मोजा, डावीकडे लांब शेपटी आहे का ते कळेल. पण विषमता त्याच वहीतून मोजणार ना? शेपटी अजून आलेलीच नाही, म्हणून तीही शून्याजवळ दिसते.

या मापात आणखी एक दोष आहे, तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. तीन महिन्यांत 1, 2 आणि 3 टक्के मिळाले, तर सरासरीला चढउतारानं भागून 2.45 येतात. तिसऱ्या महिन्यात 3 ऐवजी 12 मिळाले असते तर? कुणाचंही नुकसान नाही, उलट फायदाच. पण आकडा 1.01 वर घसरतो. छेदाला वर आणि खाली यातला फरक कळत नाही. म्हणून जो माणूस मोठा लाभ विकून टाकतो आणि बदल्यात लहान, नियमित रक्कम घेतो, त्याचा शार्प रेशो सुधारतो. ऑप्शन विकणं म्हणजे नेमकं हेच. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू लो यांनी 2001 मध्ये कागदावरचा एक फंड उभा केला आणि 1992 ते 1999 या काळात अमेरिकी निर्देशांकावरचे खालच्या दराचे पुट विकले, असं दाखवलं. निर्देशांकाचा शार्प रेशो 0.98, या फंडाचा 1.94. त्यात कौशल्य काडीचंही नव्हतं.

रियालचा दर तुटलेला नाही, हे मी मान्य करतो. स्विस फ्रँकचा तुटला. एका युरोला किमान 1.20 फ्रँक ही मर्यादा 6 सप्टेंबर 2011 ला लागू झाली आणि 15 जानेवारी 2015 ला अचानक उठली. मधले चाळीस महिने त्या मर्यादेखालचे ऑप्शन विकणाऱ्यांच्या वह्या सुंदर होत्या. त्या सकाळी काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. अल्पारी यूके ही दलाली कंपनी त्या फटक्यात दिवाळखोरीत गेली.

माझे 200 त 1 हेही गृहीतकच आहे, ते कुणालाच वहीतून काढता येणार नाही. 1986 पासून एकदाही न घडलेल्या घटनेची वारंवारिता कुठून मोजणार? मात्र एक गोष्ट मोजता येते, आणि तीच मी अशा कुठल्याही विक्रेत्याला विचारतो. आज तुझ्या खात्यात जे करार आहेत, ते घे. डॉलर 4.40 झाला, तर किती द्यावे लागतील? 5.00 झाला, तर किती? माझ्या हिशेबातल्या माणसाची उत्तरं 6 लाख आणि 12 लाख आहेत, अनामत 10 लाख. त्याचा शार्प रेशो 8.66 आहे, हे मी त्यानंतर ऐकतो.