एमआरची प्रोफाइल: आकडा लिहा, डॉक्टर लिहू नका

मी एमआर, म्हणजे औषध कंपनीची बॅग घेऊन फिरणारा माणूस. माझी टेरिटरी गिरगाव ते दादर, मधे लालबाग-परळ. गेल्या आठवड्यात आमच्यातल्या एका नव्या पोराने लिंक्डइनची प्रोफाइल मला दाखवली. "दादा, जॉब बदलायचाय, बघा ना जरा." तीच आज उलगडून बघू.

पहिली ओळ अशी होती: 'परळ-लालबागमधले टॉप 30 डॉक्टर माझ्या हातात.' म्हटलं, अरे, हे वाचणार कोण? एचआर वाचेल, तो डॉक्टर वाचेल, आणि त्याच डॉक्टरकडे बीपीची गोळी घेणाऱ्या काकूसुद्धा वाचतील. डॉक्टर आपल्या हातात आहे, म्हणजे त्याने लिहिलेलं औषध नक्की कोणी ठरवलं? त्या काकूंच्या डोक्यात हाच प्रश्न येणार. 'डॉक्टर कन्व्हर्ट केले' हा आपल्या मीटिंगमधला शब्दही तसलाच.

मग लिहायचं काय? कव्हरेज. त्याचं गणित सोपं आहे, पण नवे लोक त्यात गोंधळतात. समजा लिस्टमध्ये 160 डॉक्टर आहेत. त्यातल्या 40 जणांना महिन्यात दोनदा भेटायचं, बाकीच्या 120 जणांना एकदा. झाले 200 कॉल. फील्डचे दिवस 20 धरले, तर रोजचे 10. आता महिन्याअखेरीस 160पैकी 148 डॉक्टर किमान एकदा भेटले, तर कव्हरेज साडेब्याण्णव टक्के. पण दोनदा भेटायच्या 40पैकी 26 जणांचीच दुसरी भेट झाली असेल, तर तो आकडा वेगळा: 65 टक्के. पोराने नुसतं 'कव्हरेज 92 टक्के' लिहिलं होतं. मुरलेला मॅनेजर इंटरव्ह्यूत दुसरा आकडा विचारतोच.

आणि टेरिटरी लिहिताना नुसतं 'साउथ मुंबई' लिहू नका. परळला मोठी हॉस्पिटलं आहेत, तिथे ओपीडी संपेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. लालबागला चाळीखालचे जुने दवाखाने, संध्याकाळी गर्दी. गणपतीच्या दहा दिवसांत तिथे बॅग घेऊन शिरणं म्हणजे दिवस गेलाच, ते कॉल आधीच उरकायचे. 'हॉस्पिटल आणि जनरल प्रॅक्टिस, दोन्ही हाताळतो' या एका वाक्यात ही सगळी पायपीट येते.

आता खरी अडचणीची ओळ: 'डायबिटीसची नवीन, सेफ गोळी लाँच करून नंबर वन केली.' गोळी सिटाग्लिप्टिनची. 2022च्या जुलैत तिचं पेटंट संपलं आणि एकाच औषधाचे कितीतरी ब्रँड बाजारात उतरले. आपला पोरगा त्या धामधुमीत होता, हे खरंच सांगण्यासारखं आहे. पण मार्च 2024मध्ये केंद्राच्या फार्मास्युटिकल्स विभागाने औषधांच्या मार्केटिंगची नवी आचारसंहिता काढली, यूसीपीएमपी. तिच्यात हे दोन शब्द सरळ आलेत. औषध देशात वर्षभरापेक्षा जास्त काळ मिळत असेल, तर त्याला 'नवीन' म्हणायचं नाही. आणि 'सेफ' असं मोघम म्हणायचंच नाही. वर ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळी. ब्रँडचं नाव आणि दावा प्रोफाइलवर टाकला, की ती सर्वसामान्य माणसासमोर केलेली जाहिरात ठरू शकते. कंपनीच्या एमआरने केलेल्या प्रमोशनची जबाबदारी कंपनीवरही येते, त्यामुळे नवी कंपनी असा उमेदवार घेताना दचकते.

तिसरी ओळ मी वाचलीच आणि म्हटलं, आधी डिलीट कर. 'डॉक्टरांसाठी रिसॉर्ट ट्रिप कोऑर्डिनेट केली.' बाबा रे, ट्रिप, गिफ्ट, कुटुंबाचा प्रवास हे सगळं संहितेत बंद आहे. सॅम्पलचीही मर्यादा आहे: एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षाला 12 पॅक, आणि एक पॅक जास्तीत जास्त तीन पेशंटच्या कोर्सपुरता. जे करायचंच नाही, ते आपण आपल्या नावाने लिहून पुरावा कशाला ठेवायचा?

केमिस्टकडून घेतलेली आरसीपीएची माहिती, म्हणजे कोणता डॉक्टर काय लिहितो ते, तीही नको. दुकानदार ती आपल्याला विश्वासाने सांगतो. विक्रीचे आकडे कंपनीचे असतात, ते टाकण्याआधी आपलं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा.

शेवटी आम्ही दोघांनी दादरला स्टेशनबाहेर चहा पीत जे लिहिलं, ते वाचून दाखवतो:

'गिरगाव ते दादर, 160 डॉक्टर, फिजिशियन आणि जनरल प्रॅक्टिस. मासिक कव्हरेज 92 टक्के, रोज 10 कॉलचं नियोजन. 2022मध्ये डायबिटीस विभागातल्या एका लाँचच्या टीममध्ये. डॉक्टरांना कंपनीने मंजूर केलेली माहिती दिली, स्टॉकिस्ट आणि केमिस्टकडे माल वेळेत पोचेल हे पाहिलं.'

पोरगा म्हणाला, "दादा, फिकं वाटतंय." म्हटलं, 65 टक्क्यांचं उत्तर तयार ठेव, रंग तिथे भर. त्याची दुसरी भेट बहुतेक परळच्या हॉस्पिटलांमध्येच हुकत होती, कारण तो दुपारी एकला पोचायचा आणि डॉक्टर तोवर वॉर्डात गेलेले असायचे. आता तो तिथे ओपीडी संपायच्या आधी पोचतो.