मराठी कानांनी गझल ऐकताना

(मुळशी तालुक्यातील युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या गटचर्चेत एका मुलीने सांगितले, "सर, कॉलेजात सगळ्यांना वाटतं की मी मुसलमान आहे म्हणजे मला उर्दू येतच असणार. गझल लागली की अर्थ मलाच विचारतात. मी काहीतरी ठोकून देते." सगळे हसले. मात्र हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अवस्था तीच आहे, हे मला माहीत आहे. आपल्यातल्या अनेकांच्या घरी मराठी बोलतात, शाळा मराठीच होती. उर्दू आली नाही तर त्यात लाज कसली? पण गझल ऐकायची हौस असेल तर मराठीच्या बळावर तिच्यात बरेच आत शिरता येते. आज एवढेच दाखवायचे आहे.

त्यासाठी एक शेर घेऊ. हा कुठल्या मोठ्या शायराचा नाही. तुम्हाला समजावण्यासाठी मीच जुळवला आहे, त्यामुळे दाद द्यायची घाई करू नका.

शिकस्त-ए-दिल का अफ़साना सुना कर कोई क्या पाए
यहाँ हर मौज हैराँ है कि साहिल से कहाँ जाए

यातले अवघड शब्द कोणते, असे मी विचारले तर तुम्ही 'अफ़साना' आणि 'साहिल' म्हणाल. खरे तर ते सोपे. अफ़साना म्हणजे गोष्ट, साहिल म्हणजे किनारा. एकदा कोशात पाहिले की विषय संपला. घोटाळा करणारे शब्द आहेत ते शिकस्त, मौज आणि हैरान. हे शब्द आपले रोजचे आहेत, म्हणून आपण कोश उघडतच नाही. मराठी अर्थ लावला तर शेर काय होतो बघा: मनाने प्रयत्नांची शिकस्त केली, आणि इथे प्रत्येक मजा त्रासून गेली आहे! वाक्य ओळखीचे वाटते, अर्थ मात्र भलतीकडे जातो.

आता एकेक शब्द घेऊ. फारसीत शिकस्त म्हणजे तुटणे, मोडणे. त्यावरून उर्दूत ती पराभवासाठी येते. मराठीत शिकस्त करणे म्हणजे पराकाष्ठा करणे. मला वाटते, मोडून पडेपर्यंत प्रयत्न करणे यातून आपला अर्थ निघाला असावा. म्हणजे नाते आहे, पण गझलेत शिकस्त आली की आधी तुटण्याचा आवाज ऐकायचा, प्रयत्नांचा नाही.

मौज म्हणजे लाट. मौजमजेचा अर्थ उर्दू बोलण्यातही आहे, पण शेरात आसपास किनारा, नाव, वादळ किंवा समुद्र असेल तर मौज ही लाटच. शनिवार-रविवारी पुण्याहून माणसे मुळशीच्या धरणावर मौज करायला येतात. गझलेतली मौज त्यांच्या समोरच्या पाण्यात असते.

हैरान म्हणजे आपल्याकडे त्रासलेला. "पोरांनी हैराण केलं" असे आपण म्हणतो. उर्दूत हैरान म्हणजे थक्क, विस्मयाने खिळलेला. म्हणून गझलेत आरसा हैरान असतो. त्याला कोणी छळलेले नसते. तो पापणी न लववता समोरच्या चेहऱ्याकडे बघत राहतो, म्हणून तो चकित. शेरात 'हैराँ' का लिहिले, असेही कोणी विचारेल. अशा शब्दांतला शेवटचा 'न' कवी छंदासाठी नाकात उच्चारतो. हैरान-हैराँ, आसमान-आसमाँ, शब्द तोच. कोशात सापडला नाही तर चंद्रबिंदू काढून 'न' लावा आणि पुन्हा शोधा.

परेशानचेही असेच. त्याचा मूळ अर्थ विखुरलेला. गझलेत केस परेशान होतात ते काळजीने नव्हे, वाऱ्याने.

आता 'शिकस्त-ए-दिल'मधला तो 'ए'. याला इज़ाफ़त म्हणतात, आणि नवा श्रोता सगळ्यात जास्त इथेच अडतो. गायक म्हणतो 'शिकस्ते दिल'. आपण कोशात 'शिकस्ते' शोधतो आणि काही मिळत नाही. उर्दू लिपीतही ही खूण पुष्कळदा लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ती ओळखायची असते. नियम सोपा आहे. 'ए' काढायचा, दोन शब्दांची अदलाबदल करायची आणि मध्ये चा-ची-चे घालायचे. शिकस्त-ए-दिल म्हणजे दिलाचे तुटणे. दुसरा शब्द विशेषण असेल तर चा-ची-चेसुद्धा नको. शब-ए-तारीक म्हणजे अंधारी रात्र.

ही इज़ाफ़त तुमच्या घरातल्या कपाटात आहे, हे सांगितले तर पटेल? जमिनीचे जुने खरेदीखत काढा. त्यात 'मौजे पौड, तालुका मुळशी' अशा धर्तीची ओळ असेल. गाव किंवा ठिकाण या अर्थाचा मौज़ा हा शब्द, त्याला इज़ाफ़त लागून झाला 'मौजे'. 'किल्ले रायगड'मधला 'किल्ले' हे अनेकवचन नाही, तीही इज़ाफ़तच. (या मौजेचा लाटेच्या मौजेशी संबंध नाही. उर्दू लिपीत दोन्हींची अक्षरे वेगळी आहेत, देवनागरीत ती एक दिसतात.) म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात आपण जे व्याकरण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो आहोत, तेच गझलेत भेटले की घाबरतो.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक 'ए' इज़ाफ़त नसतो. 'सितारे' हे साधे अनेकवचन आहे. शब्द उलटवून चा-ची-चे लावून बघा. अर्थ लागला नाही तर सोडून द्या.

आता आपला शेर पुन्हा वाचा. मन तुटल्याची गोष्ट सांगून कोणाला काय मिळणार? इथे प्रत्येक लाटच थक्क उभी आहे, की किनाऱ्यापासून पुढे जायचे कुठे. लाटेने सगळा प्रवास किनाऱ्यासाठी केला, आणि तिथे पोहोचल्यावर वाटच संपली. पहिल्या ओळीत जे माणसाचे, तेच दुसरीत पाण्याचे. दोन ओळींमधला हा दुवा श्रोत्याने स्वतः जोडायचा असतो. तो जुळला की तोंडातून 'वाह' आपोआप निघते. पुढच्या शेराशी मात्र गोष्ट जोडू नका. गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र असू शकतो. किनाऱ्यानंतर एकदम बाग आली तर तुमचे काही चुकलेले नाही.

शेवटी, आपल्या घरांत नेमके अडतात ते शब्द. रक़ीब हे आपण अल्लाहच्या नावांपैकी एक म्हणून ऐकतो, अर्थ लक्ष ठेवणारा. गझलेत रक़ीब म्हणजे त्याच प्रेयसीवर नजर ठेवून असलेला प्रतिस्पर्धी. अर्थ पाहण्याचाच, जागा बदलली. वाइज़ म्हणजे वाज़ करणारा, उपदेशक. शायर त्याची थट्टा करतो, ती बहुधा दिखाऊपणाची असते. बुत म्हणजे मूर्ती, पण गझलेत ती दगडासारखी न विरघळणारी प्रेयसी. काफ़िर हा शब्दही तिच्यासाठी लाडाने येतो. कोणी भाबडेपणाने याचा फतवा-फतवा करू लागला तर त्याला एवढेच विचारा, की हा शब्द शेरात कोण कोणाला म्हणतो आहे?

कोशाबद्दल विचारले होते. रेख्ताच्या संकेतस्थळावर गझल देवनागरीत वाचता येते आणि शब्दावर बोट ठेवले की अर्थ दिसतो. मराठीत अर्थ हवा असेल तर माधव जूलियन, म्हणजे पुण्यात फारसी शिकवणारे मा. त्रिं. पटवर्धन, यांचा 'फार्शी-मराठी कोश' 1925 सालचा आहे. मराठीत गझल रुजवणारा हा कवी आधी कोश करायला बसला. त्यात शिकस्त काढून बघा, आणि मग दिमाख, तक्रार, राजीनामा हे शब्दही तिथेच शोधा. उद्या सकाळच्या गटात त्यांचे उर्दू अर्थ मी तुम्हाला विचारणार आहे.