चेक परत आला, नोटीस लिहायची आहे

मी रायपूरच्या कोर्टात वकिली करतो. आजचा विषय छोटा आहे. चेक न वटता परत आल्यावर जी मागणीची नोटीस पाठवतात ती कशी लिहावी, एवढंच. खरं सांगायचं तर नव्याने लिहिण्यापेक्षा लिहिलेली कशी दुरुस्त करावी, हे सांगणार आहे. कारण बहुतेक लोक माझ्याकडे कोरा कागद घेऊन येत नाहीत, रागाने भरलेला कागद घेऊन येतात.

असाच एक कागद आज आपण उघडू. नावं आणि काही ओळखीच्या खुणा वगळतो, हिशेब मात्र तसाच ठेवतो. आमच्याकडे छत्तीसगडमध्ये भाताच्या गिरण्या खूप, आणि गिरणीला बारदाना लागतोच. बारदाना म्हणजे तागाच्या गोण्या. गुढियारी बाजारातले एक मराठी व्यापारी काका एका राइस मिलला बारदाना पुरवत. ५ मे २०२५ रोजी मिलकडे त्यांचे ६ लाख ८५ हजार रुपये येणं होतं. मिलने त्यातल्या ४ लाख २५ हजारांचा, त्याच तारखेचा एक चेक दिला. काकांनी तो १० जूनला बँकेत भरला. ११ जूनला संध्याकाळी बँकेचा मोबाइलवर संदेश आला की खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने चेक परत आला आहे. रिटर्न मेमोवर तारीख ११ जूनचीच होती. तो मेमो काकांच्या हातात १३ जूनला पडला.

२४ जूनला ते ओळखीच्या कुणाकडून टाइप करून घेतलेली हिंदी नोटीस घेऊन आले. म्हणाले, ‘वकीलसाहेब, फक्त सही करा. आणि जमलं तर अजून थोडं कडक करा.’

नोटिशीत काय होतं? चेक १० जूनला बाउन्स झाला. तुम्ही पहिल्यापासूनच फसवणुकीच्या इराद्याने माल घेतलात. एकूण येणं ६ लाख ८५ हजार, १८ टक्के दराने व्याज ३१ हजार, नोटिशीचा खर्च ४ हजार, असे ७ लाख २० हजार रुपये सात दिवसांच्या आत, म्हणजे १ जुलैपर्यंत भरा. नाही तर तुरुंगात जाल, मिलचा लिलाव होईल. प्रत माहितीसाठी व्यापारी संघाला.

राग मला समजतो. पण ही नोटीस गेली असती तर काकांचं फौजदारी प्रकरण कोर्टात उभं राहण्याआधीच लंगडं झालं असतं. का, ते एकेक पाहू.

सगळ्यात मोठी अडचण रकमेची. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट हा कायदा १८८१ चा, चेक परत येण्याबद्दलचं कलम १३८ त्यात १९८९ पासून लागू झालं. नोटिशीत ‘सदर रकमेची’ मागणी करावी, असं हे कलम म्हणतं. सदर रक्कम म्हणजे चेकवरची रक्कम. तुमचं एकूण येणं किती, हा वेगळा प्रश्न. काकांच्या नोटिशीत ४ लाख २५ हजार हा आकडा मधल्या एका परिच्छेदात नुसता उल्लेख म्हणून होता. मागणी होती ७ लाख २० हजारांची. समोरच्याने कायद्यानुसार नेमकं किती भरलं म्हणजे तो सुटतो, हे त्या कागदावरून कळतच नव्हतं.

असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. राहुल बिल्डर्स विरुद्ध अरिहंत फर्टिलायझर्स, निकाल २००७ चा. चेक १ लाखाचा होता, नोटिशीत मागणी होती बाकी बिलांची, ८ लाख ७२ हजार ४०९ रुपयांची, तीही दहा दिवसांत. न्यायालयाने ती नोटीस कलम १३८ खाली वैध मानली नाही. त्याआधी २००० साली सुमन सेठी प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली होती. चेकची रक्कम स्पष्ट मागितली असेल आणि व्याज, खर्च वगैरे वेगळे दाखवले असतील, तर तेवढ्यावरून नोटीस बाद होत नाही. म्हणजे जास्तीचं मागणं हे मुळात पाप नाही, सगळं एका बेरजेत कोंबणं घातक आहे.

‘टायपिंगची चूक झाली’ ही सबबही चालत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. तिथे चेक १ कोटीचा होता आणि नोटिशीत मागणी २ कोटींची. चेकचा नंबर वगैरे बरोबर होता, तरी उपयोग झाला नाही. कलम फौजदारी आहे, म्हणून त्यातल्या अटी काटेकोर पाळायच्या, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. ज्या कागदाच्या आधारे माणसाला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्या कागदावरचा आकडा अंदाजपंचे असू नये.

म्हणून मी काकांना आधी खातेवही आणायला लावली. विचारलं, ‘काका, चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत भरण्याआधी मिलने काही रक्कम दिली का?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तोच महत्त्वाचा आहे. मधल्या काळात काही पैसे आले असतील आणि चेकवर तशी नोंद न करता तो पूर्ण रकमेसाठी भरला, तर भरण्याच्या दिवशी चेकवरची रक्कम हे खरं येणं उरत नाही. दशरथभाई पटेल प्रकरणात २०२२ साली नेमकं हेच ठरलं. काकांच्या वहीत ५० हजारांची एक जमा होती खरी, पण ती १८ एप्रिलची, म्हणजे चेकच्या आधीची, आणि ६ लाख ८५ हजारांचा हिशेब ती वजा करूनच काढलेला होता. तेव्हा ४ लाख २५ हजार हा आकडा पक्का झाला.

आता तारखा. १० जून ही चेक भरल्याची तारीख, परत आल्याची नव्हे. नोटीस बँकेकडून माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत पाठवायची असते. पूर्वी ही मुदत १५ दिवसांची होती, २००२ च्या दुरुस्तीने ३० झाली. माहिती कधी मिळाली, ११ जूनला मोबाइलवर की १३ जूनला कागदावर? यावर वाद घालता येतो, पण वाद घालायची वेळच कशाला आणायची? मी नेहमी अलीकडची सोडून आधीची तारीख धरतो. पहिला दिवस मोजायचा नसतो, म्हणून ११ जून सोडून तीसावा दिवस ११ जुलै येतो. आम्ही २६ जूनला स्पीड पोस्टने पाठवली, म्हणजे हाताशी पंधरा दिवस उरले. ते उरलेले बरे असतात. नोटिशीत काही चुकलंच तर मुदतीच्या आत सुधारलेली नोटीस पाठवता येते. मुदत गेली, पण चेकची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असेल, तर चेक पुन्हा भरून नवा मेमो घेऊन नव्याने नोटीस देता येते, हे एमएसआर लेदर्स प्रकरणात २०१२ साली मान्य झालं आहे. वैधताही गेली की मग दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता.

‘१ जुलैपर्यंत भरा’ या ओळीचं काय? कायदा समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस देतो. ते दिवस आपण आपल्या मर्जीने सात करू शकत नाही. आणि नोटिशीत कॅलेंडरची तारीख घालणं मला तर अजिबात आवडत नाही, कारण नोटीस कधी पोचेल हे लिहिताना माहीत नसतं. आमची नोटीस मिलला पोचली ३० जूनला. जुना मसुदा त्या दिवशी पोचला असता तर समोरच्याच्या हातात एक दिवस राहिला असता!

शेवटी सूर. ‘फसवणुकीच्या इराद्याने’ हे वाक्य कलम १३८ ला लागतच नाही, उलट उलटतपासणीत समोरचा वकील तेच धरून बसतो. व्यापारी संघाला प्रत पाठवली तर बदनामीची तक्रार अंगावर यायची. शिवाय ही नोटीस पुढे न्यायाधीशांपुढे जाते. तिथे धमकी वाचून कुणी प्रभावित होत नाही. काका म्हणाले, ‘इतकं मऊ लिहिलं तर तो घाबरेल कसा?’ मी म्हटलं, ‘तारखा बरोबर असल्या की त्याचा वकीलच त्याला घाबरवेल.’

पाठवलेली नोटीस हिंदीत होती. तिचा गाभा मराठीत वाचतो. ती फर्म आणि सही करणारे भागीदार, दोघांच्याही नावे होती, कारण चेक फर्मच्या खात्याचा होता:

‘माझ्या अशिलाने पुरवलेल्या बारदान्याच्या रकमेपैकी ४,२५,००० रुपयांचा, दिनांक ५ मे २०२५ चा, अमुक क्रमांकाचा, अमुक बँकेचा चेक आपण दिला. अशिलाने तो १० जून २०२५ रोजी आपल्या बँकेत भरला. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याच्या कारणाने तो न वटता परत आला. बँकेचा मेमो ११ जून २०२५ चा आहे आणि त्याच दिवशी अशिलाला तशी माहिती मिळाली. या नोटिशीने आपल्याकडे सदर चेकच्या ४,२५,००० रुपयांची मागणी करण्यात येत आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत ती रक्कम अशिलाच्या खात्यात भरावी. तसे न झाल्यास अशील कलम १३८ खाली कायदेशीर कारवाई करतील. उरलेल्या हिशेबाबाबतचे अशिलाचे हक्क राखून ठेवले आहेत.’

एवढंच. उरलेल्या २ लाख ६० हजारांसाठी वेगळं पत्र गेलं, व्याजाचा विषय त्यात. एका पाकिटात दोन भांडणं घालायची नाहीत.

पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रत काढून ठेवली आणि डायरीत लिहिलं: पोचली ३० जून, पंधरावा दिवस १५ जुलै, हक्क निर्माण होतो १६ जुलैला, फिर्याद दाखल करायला त्यापुढे एक महिना, १६ ऑगस्टपर्यंत. १५ जुलै संपण्याआधी फिर्याद दाखल करणंही चुकीचं. योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी घाईची फिर्याद ग्राह्य धरली नाही.

५ जुलैला मिलवाल्यांचा काकांना फोन आला. थोडे थांबा, हप्त्यांनी देतो. काका विरघळले. मी त्यांना म्हटलं, ‘बोला, जरूर बोला, पण बोलणी चालू आहेत म्हणून घड्याळ थांबत नाही. हप्ते ठरवायचे तर लेखी ठरवा, आणि १६ ऑगस्ट विसरू नका.’ फिर्यादीचे कागद आम्ही तयार ठेवले होते. १४ जुलैला दुपारी ४ लाख २५ हजार एकरकमी काकांच्या खात्यात आले. २ लाख ६० हजारांचं बोलणं अजून चालू आहे.